सव्वीस ठिपके

कोळवण खोऱ्यात जयसिंग फाले गुरुजींना कुणी फाले गुरुजी म्हणत नसे. पोरं त्यांना पंचनामा सर म्हणत, आणि हे नाव पोरांच्या बापांनी ठेवलेलं होतं. म्हणजे ते निदान वीस वर्षं जुनं. सरांना ते ठाऊक होतं. कुणी ठेवलं याचा शोध त्यांनी दोन वर्षं घेतला आणि संशयितांची नावं तीनवर आणून ठेवली होती.

माणूस वाईट नव्हता हो. पण दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय चहा घेणार नाही, शिपायानं आणलेली खडूची पेटी मोजल्याशिवाय सही करणार नाही, आणि रस्त्यात कुणी हसून रामराम केला तर घरी जाईपर्यंत विचार करणार, की ह्याचं आपल्याकडे काय काम असेल. त्यांच्या बायको नलिनीबाई म्हणायच्या, "ह्यांना देवानं प्रसाद दिला ना, तर आधी विचारतील, बाकीच्यांना किती दिला?" सर त्यावर हसत नसत. त्यांच्या मते विचारण्यासारखीच गोष्ट होती ती.

अठ्ठावीस वर्षं ते माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होते, आणि त्यांचा हा संशयी स्वभाव एकाच ठिकाणी सोन्यासारखा उपयोगी पडे: भूकंपाच्या धड्यात.

बाकीचे शिक्षक काय करतात? पुस्तक उघडतात, भूपट्टांचा नकाशा दाखवतात, "ह्या कडांवर भूकंप होतात, लिहून घ्या" म्हणतात आणि पोरं लिहून घेतात. फाले सरांना हे मान्य नव्हतं. पुस्तक सांगतंय म्हणून खरं? कशावरून? म्हणून त्यांनी स्वतःचा एक उद्योग काढला होता. नववीच्या पोरांना ते धडा शिकवायच्या आधी पुस्तक दप्तरात ठेवायला लावत. मग प्रत्येकाला एक कोरा नकाशा. पश्चिमेला बलुचिस्तान, पूर्वेला म्यानमार, वर हिमालयाच्या पलीकडे तिबेट, खाली सुमात्रा, आणि त्यावर अक्षांश-रेखांशांच्या बारीक रेघा. सोबत छत्तीस भूकंपांची यादी. क्वेट्टा, कांगडा, बिहार-नेपाळ, आसाम, कोयना, उत्तरकाशी, किल्लारी, जबलपूर, भूज, सुमात्रा, मुझफ्फराबाद... प्रत्येकापुढे त्याचे अक्षांश आणि रेखांश. काळ्या स्केचपेननं एकेक ठिपका द्यायचा. रेघ काढायची नाही, नाव लिहायचं नाही, शेजाऱ्याकडे बघायचं तर मुळीच नाही.

"आधी ठिपके, मग रेघ," सर म्हणत. "रेघ आधी बघितली की हात आपोआप रेघेकडे जातो. मला तुमच्या हाताचा भरवसा नाही."

सगळे ठिपके देऊन झाले की सर कपाटातून एक ट्रेसिंग पेपर काढत. त्याच मापाच्या त्या कागदावर त्यांनी पुस्तकातल्या भूपट्टांच्या कडा स्वतः उतरवल्या होत्या. तो कागद आणि पोराचा नकाशा एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. आणि दरवर्षी, अगदी दरवर्षी, मागच्या बाकावरच्या पोराच्या तोंडूनसुद्धा "आयला" निघायचं. कारण ठिपक्यांची माळ बलुचिस्तानातून वर चढून काश्मीरकडे, तिथून हिमालयाला धरून आसामपर्यंत, मग म्यानमारवरून खाली अंदमान-सुमात्राकडे अशी गेलेली असे, आणि त्यांनी कधी न पाहिलेली रेघ त्याच वाटेनं गेलेली असे.

यंदाही तसंच झालं. गुरुवार होता. बेचाळीस पोरं खिडक्यांना चिकटली होती.

"आता सांगा, का?" सर फळ्याकडे वळले. "आपली जमीन एकसंध नाही. पृथ्वीचं कवच म्हणजे मोठमोठे खडकाचे तुकडे, त्यांना भूपट्ट म्हणायचं. ते सरकतात. आपला भारताचा पट्ट वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे जातोय. तुमची नखं साधारण जेवढी वाढतात, तेवढाच. आणि वर युरेशियाचा पट्ट बसलाय. मग काय होणार?"

"धडकनार, सर."

"धडकून चार-पाच कोटी वर्षं झाली. अजून धडकतोच आहे. हिमालय त्यातनंच वर आला. पण ही सरक रोज गुळगुळीत होत नाही. कडेला खडक खडकात अडकून बसतो. मागून ढकल चालूच. खडक वाकतो, ताण साठतो, साठतो, आणि सोसेनासा झाला की एकदम तुटून सरकतो. तो भूकंप. ताण कुठं साठणार? जिथं दोघं एकमेकांना भिडलेत तिथं. म्हणून ठिपके कडेला. ठिपके एका जागी उगाच गोळा होत नाहीत; खाली काय आहे ते बघायचं." त्यांनी खिडकीवरच्या एका नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं. "इथं अरबी समुद्राच्या तळाशी दोन पट्ट एकमेकांपासून लांब जातात. तिथंही ठिपके, पण बहुतेक लहान. आणि बलुचिस्तानच्या बाजूला एकमेकांना घासून जातात. भिडणं, फाटणं, घासणं. कड तीन तऱ्हेची."

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून सृष्टी ढमाले उठली. काळीसावळी, सडपातळ पोरगी; प्रश्न विचारताना सरांच्या डोळ्यांत बघून विचारायची, हेच सरांना आवडायचं नाही.

"सर, पन कोयना कडेवर न्हाई. किल्लारी बी न्हाई. ते ठिपके मधीच हायेत."

"बरोबर. बहुतेक भूकंप कडेवर होतात, सगळे नाही. पट्टाच्या पोटातही जुने तडे असतात. कडेवरची ढकल आतपर्यंत पोचते, आणि एखादा जुना तडा कधीतरी सरकतो. कमी वेळा, पण सरकतो. कोयनेला तर धरणाच्या पाण्याचा भार आणि खडकात मुरणारं पाणी, यांनी आधीच ताणलेला तडा हलला असं मानतात."

"मंग आपल्याकडं बी मुळशीचं धरन हाय की. हितं का न्हाई झाला भूकंप?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "प्रत्येक धरणाखाली तसा तडा नसतो. पाणी भूकंप बनवत नाही, तयार असलेला सोडतं. बस खाली."

सृष्टी बसली. ती मान हलवत बसली, आणि सरांना वाटलं, हिचं समाधान झालेलं नाही.

याच मुलीचं नाव त्यांनी पौडच्या तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी दिलं होतं. पुढच्या गुरुवारी पंचायत समितीच्या सभागृहात शाळेच्या वतीनं हाच नकाशा लावून, हाच धडा समजावून सांगायचा होता. सृष्टीच्या आईनं शेजारच्या दोन वाड्यांत सांगून झालं होतं. ढमाल्यांच्या घरातलं कुणी आजवर सभागृहात बोललं नव्हतं. त्यांनी तहसील कचेरीत रांगा लावल्या होत्या तेवढ्याच.

शुक्रवारी सरांनी नकाशे घरी नेले. ओटीवर बसून एकेक तपासू लागले. आणि सातव्या नकाशावर त्यांचा लाल पेन थांबला.

कोयनेचा ठिपका होता. त्याच्या वर, अर्ध्या सेंटिमीटरवर, आणखी एक ठिपका होता. काळा, गोल, मोहरीएवढा. यादीत तिथला कुठलाच भूकंप नव्हता. सरांनी रेखांश बघितला, अक्षांश बघितला. मुळशी धरण!

आठव्या नकाशावरही तो होता. नवव्यावर नव्हता. दहाव्यावर होता. सर सावरून बसले. सगळे बेचाळीस नकाशे तपासून झाले तेव्हा नलिनीबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली होती, आणि सरांच्या वहीत आकडा होता: सव्वीस. सव्वीस पोरांच्या नकाशात मुळशीवर भूकंप. शिवाय चौघांनी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ एक भलताच ठिपका दिला होता. ते सरांनी वेंधळेपणात टाकलं.

"सव्वीस जणांना एकच चूक सुचत नाही," ते पहिला घास घेता घेता म्हणाले. "एकीला सुचते. पंचवीस जण उतरवतात."

"कुणाला सुचली?" नलिनीबाईंनी विचारलं.

नाव सरांच्या मनात तयार होतं. कोयनेला धरण, इथं धरण, मग इथं का नाही? भर वर्गात तिनंच विचारलं होतं. उत्तर पटलं नाही म्हणून पोरीनं ठिपका दिला आणि सगळ्यांना द्यायला लावला. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या ठिपक्यांशी कुणी खेळलं नव्हतं. त्यांना राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली थोडा आनंदही झाला. संशयी माणसाला चोर सापडल्याचा होतो तो.

शनिवारी सकाळच्या शाळेत त्यांनी सव्वीस जणांना उभं केलं.

"हा ठिपका कुणी दिला?"

ओम शेलार, पुढच्या बाकावरचा गोरटा, घाबरट पोरगा, आधी बोलला. "सर, मी न्हाई दिला. तो कागदावर व्हताच."

"छापलेला व्हता, सर," दुसरा म्हणाला. "झेराक्समधीच."

"आमाला वाटलं, कसा ठिपका द्यायचा त्ये दाखवाया तुमीच दिलाय," अपेक्षा म्हणाली.

सव्वीसच्या सव्वीस जणांनी हेच सांगितलं. सर एकेकाला विचारत गेले आणि त्यांचा चेहरा एकेका उत्तरानं कठोर होत गेला. इतकी एकसारखी उत्तरं! पाठ केल्याशिवाय येतात का?

"मग बाकीच्या सोळा जणांच्या कागदावर का नाही? यंत्र काय माणसं बघून ठिपके देतं?"

सृष्टी एवढंच म्हणाली, "म्हाइत न्हाई, सर. पन मी न्हाई दिला." ती रडली नाही. रडणाऱ्या पोरांना सर ओळखत. न रडणाऱ्यांवर त्यांचा जास्त संशय असे.

तरी त्यांनी चौकशी अर्धवट सोडली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. शाळा सुटल्यावर जीपनं ते पौडला गेले. एसटी स्टँडसमोर, तहसील कचेरीच्या वाटेवर कमरुद्दीन मुलाणी यांचं झेरॉक्सचं दुकान. कोऱ्या नकाशाची सरांनी शाईनं काढलेली मूळ प्रत तिथंच असे. पोरं किंवा त्यांचे बाप कचेरीच्या कामाला आले की तिथून प्रती घेत.

आता साधा माणूस काय करेल? "कमरुभाई, तुमच्या यंत्राची काच जरा बघता का, ठिपका येतोय," असं म्हणेल. पण सर सरळ विचारणाऱ्यातले नव्हते. सरळ विचारलं की समोरचा सावध होतो, हा त्यांचा सिद्धांत.

"एक नकाशा द्या," ते नुसतं म्हणाले.

"एकच? घ्या की चार," कमरुद्दीन हसले. त्यांनी प्रत काचेवर ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. सरांनी गरम कागद उजेडात धरला. मुळशीवर काही नव्हतं. कोरं, स्वच्छ.

"काय बगताय सर? आलाय न्हवं बरुबर?"

"काही नाही," सर म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. पुरावा मिळाला होता.

सोमवारी त्यांनी मुख्याध्यापिका ज्ञानदा मॅडमना सांगितलं, "ढमालेचं नाव काढा. ओम शेलारचं घाला."

"का सर? तुम्हीच तर म्हणाला होता, तिच्याइतकं स्वच्छ कुणी सांगत नाही."

"नकाशात खोटं घुसवते. इतरांना घुसवायला लावते. सभागृहात काय सांगेल, भरवसा नाही."

मॅडम नव्या होत्या, सर जुने होते. नाव बदललं. ओमला आनंद व्हायला हवा होता. तो दोन दिवस पोट दुखतंय म्हणत होता. सृष्टीला मधल्या सुट्टीत बोलावून सरांनी निर्णय सांगितला.

"मी ठिपका दिला न्हाई," ती पुन्हा म्हणाली. तेच शब्द, तोच आवाज. मग जरा थांबून म्हणाली, "आईला काय सांगू ते तरी सांगा."

नेमकं हेच वाक्य सरांच्या मनात रुतलं. खोटं बोलणारी पोरं असं विचारत नाहीत. ती आईला काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवतात. हा अनुभव अठ्ठावीस वर्षांचा होता, तो झटकून टाकता येईना. मग संशयी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. आणखी पुरावा गोळा करायचं ठरवलं. कुणी कुणाचं उतरवलं याची साखळी लावून दाखवायची, म्हणजे पोरीचं तोंड बंद होईल.

मंगळवारी शाळेतून आल्यावर त्यांनी चहा बाजूला ठेवून नकाशे काढले, आणि दोन दोन जोडून खिडकीच्या काचेला लावले. पश्चिमेचा उजेड कागदांतून आरपार येत होता. सृष्टीचा नकाशा खाली, अपेक्षाचा वर.

क्वेट्ट्याचे दोन ठिपके एकमेकांवर बसले नाहीत. एक जरा डावीकडे, एक जरा वर. कांगड्याचेही नाहीत. साहजिक होतं, दोन हातांनी दिलेले ठिपके केसभर तरी इकडेतिकडे होणारच. भूजचे तर चांगले दोन मिलिमीटर लांब. पण मुळशीचा?

मुळशीचा ठिपका तंतोतंत एकावर एक. दोन नाहीतच, एकच वाटावा असा.

सरांनी तिसरा कागद लावला. चौथा. पाचवा. सगळे छत्तीस ठिपके थरथरत होते, प्रत्येक पोराच्या हाताप्रमाणे. आणि तो एक मात्र जागचा हलत नव्हता. सव्वीस पोरांनी, सव्वीस हातांनी, केसाचाही फरक न करता एक ठिपका द्यायचा? हे तर स्वतः सरांनाही जमलं नसतं.

तरी मन मानायला तयार नव्हतं. त्या चार वेंधळ्यांचं काय? त्यांनी ते ओडिशावाले चार नकाशे घेतले आणि एकमेकांवर धरले. तेही चारी ठिपके तंतोतंत एकावर एक. आणि मग, हात कसा वळला कोण जाणे, सरांनी त्यातला एक नकाशा उलटा फिरवला, हिमालय खाली आणि सुमात्रा वर, आणि सृष्टीच्या नकाशावर ठेवला. ओडिशाचा ठिपका मुळशीच्या ठिपक्यावर जाऊन बसला.

म्हणजे या चौघांच्या वेळी मूळ प्रत काचेवर उलट्या बाजूनं ठेवली गेली होती. नकाशा फिरला होता, ठिपका फिरला नव्हता. तो नकाशाचा नव्हताच. तो नकाशाच्या खालचा होता.

"नलिनी," सरांनी हाक मारली, "माझी पेन्शनची फाइल आण."

गेल्या बुधवारी, बहुतेक पोरांनी नकाशे घेतले त्याच दिवशी, त्यांनी स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत कमरुद्दीनकडेच काढली होती. नलिनीबाईंनी फाइल आणली. सरांनी दाखला काढून नकाशावर ठेवला आणि काचेला लावला. त्यांच्या जन्मतारखेशेजारी एक काळा ठिपका होता, मोहरीएवढा. तो मुळशीवर नेमका बसला. हा कागद ते आठवडाभर जपत होते, दोनदा वाचून त्यावर सही केली होती, आणि त्यांना ठिपका दिसला नव्हता. स्वतःच्या कागदावर संशय घ्यायचं कधी मनात आलं नव्हतं ना!

बुधवारी सकाळी पहिल्या जीपनं ते पौडला गेले. यावेळी सरळ विचारलं.

"अरे द्येवा," कमरुद्दीन म्हणाले. "मागल्या आठवड्यात मंगळवारी सांजच्याला एक म्हातारा प्रतिज्ञापत्र घिऊन आला व्हता. आंगठ्याची शाई वली व्हती, तसाच कागद काचंवर ठिवला त्यानं, आन शाईचा बारका ठिपका काचंला लागला. आदी घिऊन गेल्याली पोरं वाचली, मागनं आल्याली गावली. काच पुसायचं काम जस्मीनकडं हाय, ती शुक्रवारी कालेजातनं आल्यावर पुसती. पुसली की तिनं. मला म्हनाली बी, अब्बा, काचंवर डाग व्हता." ते सरांकडे बघत राहिले. "शनवारी तुमी आला व्हता की सर. तवाच इचारलं असतं तर मी लगीच सांगितलं असतं."

दुकानाच्या पायरीवर उभं राहून सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. लाज वाटत होती, आणि ती लपवायला जागा नव्हती.

शाळेत गेल्यावर त्यांनी ज्ञानदा मॅडमना लेखी दिलं: माझ्या चुकीमुळे कुमारी सृष्टी ढमाले हिचे नाव वगळण्यात आले, ते पूर्ववत करावे. "माझ्या चुकीमुळे" हे दोन शब्द लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. मॅडमनी कागद वाचून पंचायत समितीत फोन लावला. नाव बदलून मिळालं.

मग ते नववीच्या वर्गात गेले. सव्वीस जणांना उभं केलं नाही, स्वतः उभे राहिले. त्या चार पोरांचे उलटे नकाशे, दाखला, सगळं काचेला लावून दाखवलं. शाईच्या बोटाची हकिकत सांगितली. "तुम्ही खरं सांगत होता," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

ओम शेलारनं मोठा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"कुणाला काही बोलायचं असेल तर बोला," सर म्हणाले. त्यांना वाटलं होतं, कुणी बोलणार नाही.

सृष्टी उठली. डोळ्यांत बघत.

"सर, तुमीच सांगितलं, ठिपके एका जागी गोळा झाले की खाली काय हाय ते बगायचं. उगंच गोळा हुत न्हाईत म्हनला."

"हो."

"मंग आमी सव्वीस जनांनी एकच सांगितलं, तवा तुमाला वाटलं आमी ठरवून आलोय. खाली काय हाय ते तुमी बगितलंच न्हाई."

अठ्ठावीस वर्षांत पोरांच्या तोंडून सरांनी "मी नाही केलं" किती वेळा ऐकलं असेल? दोनशे? पाचशे? त्यातले किती खरे होते, हे आता कुठल्या काचेला लावून बघणार? त्यांनी टेबलाची कड धरली.

"ते मी बघायला हवं होतं," ते हळू म्हणाले. "उद्या पौडला तूच जायचंस. आईला सांग. आणि तिथं सांगताना हे पण सांग. खोटा ठिपका कसा ओळखायचा, आणि तो कुणामुळं इतके दिवस ओळखता आला नाही."

सृष्टीनं जरा विचार केला.

"तुमचं नाव घिऊ का, सर? का नुसतं एक शिक्षक म्हनू?"

पंचायत समितीच्या सभागृहात उद्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे भूगोलाचे शिक्षक बसणार होते.

"नाव घे," सर म्हणाले. "पंचनामा सर म्हण. म्हणजे सगळ्यांना लगेच कळेल."